दागिना तारण ठेवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त भरलेल्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आज मला बोलायला उभे केले, ते मी कोणी वक्ती आहे म्हणून नव्हे. माझ्या नोकरीची बरीच वर्षे बँकेच्या सोनतारण खात्यात, काचेच्या पलीकडे, काट्याशेजारी बसून गेली, एवढीच माझी लायकी. त्या खिडकीशी येणाऱ्या बाईचा चेहरा मी पुष्कळ पाहिला आहे. पदराच्या आडून डबी निघते, दागिना काट्यावर जातो, कोणीतरी तो एका काळ्या दगडावर घासतो, आणि पाच-दहा मिनिटांत एक आकडा ऐकू येतो. तो ऐकला की बहुतेक जणी म्हणतात, "अहो, सराफाने तर याचे एवढे घेतले होते!" मग निमूटपणे कागदावर सही होते. तो आकडा कसा आला हे विचारण्याचा बहुतेक जणींना संकोच वाटतो. आज तेवढेच आपण नीट पाहू या. आकडा कसा येतो, त्यावर कर्ज किती मिळते, व्याज कोणत्या रीतीने भरले म्हणजे किती पडते, आणि देणे थकलेच तर त्या दागिन्याचे पुढे काय होते.

हिशेब हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण घेऊ. एक सूनबाई आहेत. घरातल्या आजारपणासाठी त्यांना दोन लाख रुपये हवे आहेत. त्यांच्याजवळ १२ ग्रॅमच्या दोन बांगड्या आहेत, ७ ग्रॅमची एक ठुशी आहे आणि सासूबाईंनी दिलेला १५ ग्रॅमचा जुना कोल्हापुरी साज आहे. एकूण झाले ३४ ग्रॅम. घरी त्यांनी वर्तमानपत्रातला भाव पाहून गुणाकार केलेला आहे. बावीस कॅरटचा भाव आपण ग्रॅमला १०,००० रुपये धरू. आजचा भाव निराळा आहे हे मला ठाऊक आहे, पण गुणाकार तोंडी करता यावा म्हणून हा सोईचा आकडा घेतला. घरचा हिशेब निघाला ३,४०,००० रुपये. आता त्या खिडकीशी येतात.

तारण घेणारा दागिना घेत नाही, सोने घेतो. हे वाक्य कठोर वाटेल, पण पुढचे सगळे त्यातूनच येते. घडणावळ, नक्षी, मीना, खडे, मोती, यांतले काहीही तो मोजत नाही. का मोजत नाही? उद्या विकायची वेळ आली तर तो माल मुशीत जाऊन वितळणार आहे, आणि वितळल्यावर नक्षी शिल्लक राहत नाही. सराफाला दिलेली घडणावळ ही कारागिराच्या हाताची किंमत होती, ती आपण दागिना अंगावर घातला त्या दिवशीच फेडून टाकली असे समजावे.

बांगड्या भरीव आहेत, त्यांवर हॉलमार्कचा शिक्का आहे, म्हणून त्यांचे १२ ग्रॅम जसेच्या तसे धरले गेले. ठुशीला दोरा आणि गोंडा आहे, त्याचा एक ग्रॅम वजा झाला, राहिले ६. साजात मात्र खरी गंमत आहे. साजाचे मणी आणि पाने वरून पत्र्याची असतात आणि आत लाख भरलेली असते. दागिना फोडून लाख काढता येत नाही, म्हणून मूल्यमापक अंदाजाने वजावट करतो, आणि असा अंदाज करताना कोणीही आपल्या पदरी तोटा घेत नाही. १५ ग्रॅमांतून लाख आणि दोरा मिळून ४ ग्रॅम गेले, राहिले ११. येथे एक सांगते. साज करवून घेतानाची सराफाची जुनी पावती घरात असेल आणि तीवर निव्वळ सोन्याचे वजन लिहिलेले असेल, तर ती बरोबर न्यावी. मूल्यमापक तिला बांधलेला नसतो, परंतु अंदाज करताना त्याच्यासमोर काहीतरी आधार राहतो.

वजनानंतर कस. काळ्या कसोटीच्या दगडावर दागिना घासतात, शेजारी ठाऊक असलेल्या कसाच्या सुईची रेघ ओढतात, वर तेजाब लावतात आणि कोणती रेघ किती फिकी पडते ते पाहतात. आता पुष्कळ ठिकाणी किरणांचे यंत्र असते, ते दागिन्याला चरा न पाडता पडद्यावर टक्केवारी दाखवते. परंतु यंत्राला दागिन्याचा वरचा थरच दिसतो, आतली लाख किंवा आत दडवलेले तांबे दिसत नाही, म्हणून जाणता मूल्यमापक यंत्र असूनही दगड जवळ ठेवतो. बावीस कॅरट म्हणजे शंभरात सुमारे ९१.६ भाग सोने, आणि म्हणून शिक्क्यात ९१६ हा आकडा असतो. नव्या दागिन्यावर भारतीय मानक संस्थेची खूण आणि सहा अक्षर-अंकांचा एक क्रमांकही असतो, तो संस्थेच्या बीआयएस केअर या मोबाइलवरच्या सोयीत घालून पडताळता येतो. शिक्का नसलेला जुना दागिना तारण राहत नाही असे मात्र नाही, त्याचा कस तेवढा पाहावा लागतो.

आपल्या सूनबाईंचा साज वीस कॅरटचा निघाला. जुन्या दागिन्यांत हे पुष्कळदा होते. डाक लावताना मिसळ जास्त पडते, दोनचार वेळा दुरुस्ती झाली की आणखी पडते. त्यात कोणी फसवलेच असेल असे नाही. वीस कॅरटचे ११ ग्रॅम म्हणजे बावीस कॅरटच्या भावाने १० ग्रॅम. तेव्हा हिशेब झाला १२ अधिक ६ अधिक १०, म्हणजे २८ ग्रॅम. घरून निघताना ३४ होते. मधले ६ ग्रॅम कोठे गेले ते आता आपण बोटावर सांगू शकतो : एक दोऱ्याचा, चार लाखेचे आणि एक कसाचा. ही वजावट दागिन्यागणिक कागदावर लिहून मागावी. हा आपला हक्क आहे. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये सोन्याचांदीच्या तारणाचे नियम नव्याने घालून दिले आणि ते १ एप्रिल २०२६ पर्यंत अमलात आणायला सांगितले. त्यांत असे स्पष्ट आहे की पारख कर्जदारासमोर व्हावी, आणि एकूण वजन, निव्वळ वजन, वजावट, कस व किंमत लिहिलेला, दागिन्यांचे चित्र असलेला दाखला कर्जदाराला मिळावा. "आत नेऊन बघून येतो" असे कोणी म्हटले तर "येथेच बघा, मी बसते" असे म्हणायला हरकत नाही.

भाव कोणत्या दिवशीचा धरतात? त्या सकाळचा नव्हे. मागल्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी काढायची, आदल्या दिवशीचा बंद भाव घ्यायचा, आणि दोहोंत जो कमी असेल तो धरायचा. हे भाव सराफांच्या अखिल भारतीय संघटनेने किंवा सरकारमान्य वायदेबाजाराने जाहीर केलेले असावे लागतात. समजा काल भाव चढून १०,४०० झाला आणि महिन्याची सरासरी १०,००० आहे, तर १०,००० धरणार. उलट काल उतरून ९,७०० झाला तर ९,७००. म्हणजे भाव चढता असताना आपल्याला बाजारापेक्षा थोडे कमीच मिळणार. हे जाणून असले म्हणजे वर्तमानपत्र हातात धरून भांडायला जाण्याचे श्रम वाचतात.

तर किंमत झाली २८ ग्रॅमांची २,८०,००० रुपये. या किमतीच्या शंभरात किती कर्ज द्यायचे यालाही मर्यादा आहे. घरखर्चासाठी, आजारपण, लग्न, शिक्षण अशा कामांसाठीचे कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर किमतीच्या शेकडा ८५ पर्यंत, अडीच ते पाच लाखांपर्यंत असेल तर शेकडा ८० पर्यंत, आणि पाच लाखांवर शेकडा ७५ पर्यंत. ही कमाल मर्यादा आहे. तेवढे दिलेच पाहिजे असे बंधन देणाऱ्यावर नाही. आपल्या उदाहरणात शेकडा ८५ ने २,३८,००० रुपये येतात. उरलेले ४२,००० हे देणाऱ्याचे कुंपण. भाव पडला किंवा व्याज साचले तर ते त्या कुंपणातून जावे, मुद्दलाला हात लागू नये, अशी ती योजना असते.

येथे एक बारकावा आहे, आणि खिडकीवरचा मनुष्य घाईत असला तर तो सांगत नाही. व्याज दरमहा भरणार असाल तर २,३८,००० पर्यंत मिळू शकतील. परंतु वर्षअखेर मुद्दल आणि व्याज एकदम देणार असाल, तर वर्षअखेर जी एकूण रक्कम होईल ती २,३८,००० च्या आत बसली पाहिजे. व्याज शेकडा वर्षाला १२ धरले तर हातात २,१२,५०० हून अधिक पडणार नाहीत, कारण त्यावर वर्षाचे २५,५०० व्याज चढले की २,३८,००० भरतात. दोघी शेजारणी सारखेच सोने घेऊन गेल्या आणि एकीला कमी मिळाले, तर पुष्कळदा कारण हे असते. त्यात पक्षपात शोधू नये.

सूनबाईंना दोन लाखच हवे होते, आणि त्यांनी दोनच घेतले हे फार बरे केले. "मिळतात तर घेऊन ठेवू" म्हणून वरचे अडतीस हजार उचलणाऱ्या पुष्कळ जणी मी पाहिल्या. ते पैसे कशात गेले ते वर्षअखेर त्यांना आठवत नसे, व्याज मात्र लागलेले असे.

आता व्याज. त्याच्या मुख्य रीती तीन. पहिलीत दरमहा सारखा हप्ता, त्यात थोडे मुद्दल आणि थोडे व्याज. दोन लाखांना वर्षाला १२ टक्क्यांनी बारा हप्ते केले तर हप्ता सुमारे १७,७७० रुपयांचा पडतो आणि वर्षात एकूण व्याज सुमारे १३,२४० जाते. दुसऱ्या रीतीत दरमहा फक्त व्याज, म्हणजे २,०००, आणि वर्षअखेर दोन लाख मुद्दल एकदम. यात एकूण व्याज २४,०००. तिसऱ्या रीतीत वर्षभर काहीच द्यायचे नाही, शेवटी एकदम २,२४,०००. आणि व्याजावर दरमहा व्याज धरणारी पेढी असेल तर २,२५,३६५ च्या आसपास.

पहिली रीत सर्वांत स्वस्त हे उघड आहे, पण ती दरमहा पगार येणाऱ्या घराला झेपते. ज्यांच्या घरी पैसा सुगीलाच येतो त्यांना तिसरी सोईची. माझे स्वतःचे मत दुसऱ्या रीतीकडे झुकते, आणि त्याचे कारण पैशांपेक्षा निराळे आहे. दरमहा दोन हजार भरायला खिडकीशी जावे लागते, पावती हातात येते, आपला दागिना कोठे आहे याचे स्मरण राहते. तिसऱ्या रीतीत अकरा महिने अगदी शांततेचे जातात, आणि बाराव्या महिन्यात सव्वादोन लाख उभे करायचे असतात. नुसते व्याज उभे राहिले तर ते भरून कर्ज पुढे नवे करता येते. व्याज भरल्याखेरीज नवे करता येत नाही, असा नियम आहे. पण असे दरवर्षी नवे करत राहणाऱ्यांनी एकदा हिशेब मांडावा. पाच वर्षांत १,२०,००० रुपये व्याजाचे जातात आणि दोन लाख मुद्दल जसेच्या तसे उभे असते.

दर ऐकताना एक शब्द कान देऊन ऐकावा. बँकेतला मनुष्य "बारा टक्के" म्हणतो ते वर्षाचे असतात. बाजारपेठेतला सावकार "दीड टक्काच हो" म्हणतो तो महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला अठरा. ऐकणाऱ्या बाईला दीड हा आकडा बारापेक्षा फार लहान वाटतो, आणि ती तिकडे जाते. काही कंपन्यांच्या जाहिरातीत दर फार कमी दिसतो, पण तो दर महिन्याचे व्याज ठरल्या दिवसांत भरले तरच असतो. उशीर झाला की पायरीपायरीने चढतो. म्हणून "एक दिवस उशीर झाला तर दर किती?" हा प्रश्न आधी विचारावा, आणि उत्तर कागदावर कोठे आहे ते बोट ठेवून दाखवायला सांगावे. कागद आपल्याला कळणाऱ्या भाषेत मागता येतो. वाचता न येणाऱ्या बाईला अटी समजावून सांगताना कर्ज देणाऱ्याचा नोकर नसलेला साक्षीदार हजर पाहिजे, असाही नियम आहे. आपल्या मंडळातल्या शिकलेल्या मुलींना या कामी बरोबर नेता येईल.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. तिन्ही दागिने एकाच कर्जात, एकाच पाकिटात घालू नयेत. बांगड्या आणि ठुशी एका कर्जात, साज दुसऱ्यात, अशी दोन कर्जे करून मागावीत. बहुतेक ठिकाणी करतात. मग पैसे थोडे जमले की एक पाकीट सोडवता येते. एकच पाकीट असले तर अर्धे कर्ज फेडूनही सणाला गळा रिकामाच राहतो.

आता ज्या विषयाला सगळ्या भितात त्याकडे येते. देणे थकले तर?

पहिल्या दिवशी काही होत नाही. व्याज चालू राहते, त्यावर उशिराचा दंड लागतो. दंडाच्या रकमेवर मात्र पुन्हा व्याज लावता येत नाही. मग पत्र येते. कधी मुदत संपण्यापूर्वीही पत्र येते, तेव्हा घाबरून जाऊ नये. समजा दहा महिने झाले, व्याज साचून देणे २,२०,००० झाले, आणि मधेच भाव ग्रॅमला ९,००० वर आला. आता त्याच २८ ग्रॅमांची किंमत २,५२,००० झाली आणि तिचे शेकडा ८५ म्हणजे २,१४,२०० झाले. देणे मर्यादेच्या वर गेले. तेव्हा देणारा कळवतो की काही रक्कम भरा किंवा आणखी सोने ठेवा. पाच-सहा हजारांचे काम असते, पण ते पत्र न उघडता देव्हाऱ्यामागे ठेवले तर पुढे महाग पडते.

मुदत उलटूनही पैसे गेले नाहीत तर लिलावाची नोटीस येते. आपल्याच आळीतली एक हकीकत सांगते, नाव घेत नाही. एका घरी अशी नोटीस गेली ती जुन्या पत्त्यावर. बिऱ्हाड बदलून दीड वर्ष झाले होते आणि पेढीला कोणी कळवले नव्हते. जुन्या शेजारणीने कागद आणून दिला तेव्हा लिलावाला चार दिवस उरले होते. घरात सर्वांनी धरून चालले की दागिने गेले. तारीख उलटलेली, आता कोण ऐकणार? ती बाई माझ्याकडे आली ती दागिन्यांसाठी नव्हे, तर "आता पोलिस येतील का?" हे विचारायला. मी तिला म्हटले, पोलिसांचे राहू दे, आधी किती भरायचे ते विचारून ये.

कारण कायदा असा आहे, आणि तो काही नवा नाही. १८७२ सालचा आपला कराराचा कायदा, त्यात गहाणाची कलमे आहेत. मुदत उलटली तरी प्रत्यक्ष विक्री होईपर्यंत गहाण ठेवणाऱ्याला आपली वस्तू सोडवून घेण्याचा हक्क आहे. थकल्यामुळे झालेला खर्च तेवढा वर द्यावा लागतो. मुदतीची तारीख ही त्या हक्काची तारीख नव्हे. त्या बाईने दीराकडून आणि भिशीतून पैसे उभे केले आणि लिलावाच्या आदल्या दिवशी पाकीट सोडवले. खिडकीवरच्या मनुष्याने आधी तिला "आता उशीर झाला" म्हणून परत पाठवले होते. दुसऱ्या दिवशी तिने लेखी अर्ज नेऊन पोच मागितली, तेव्हा वरच्या साहेबांनी पैसे घेतले. तोंडी बोलणे आणि लेखी अर्ज यांत इतका फरक पडतो.

लिलाव झालाच तर त्याचीही रीत आहे. कर्जदाराला पुरेशी आगाऊ सूचना पाहिजे. दोन वर्तमानपत्रांत जाहिरात पाहिजे, त्यांतले एक प्रादेशिक भाषेतले. कमीत कमी बोली त्या वेळच्या किमतीच्या शेकडा ९० च्या खाली ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तरच ती ८५ वर आणता येते. आपल्या सूनबाईंच्या बाबतीत पाहू. तिसऱ्या रीतीचे कर्ज होते, वर्ष होऊन वर तीन महिने गेले. मुद्दल २,००,०००, पंधरा महिन्यांचे व्याज ३०,०००, दंड आणि जाहिरातीचा खर्च मिळून ४,०००. एकूण देणे २,३४,०००. भाव तोच राहिला असे धरले तर किंमत २,८०,०००, म्हणून बोली २,५२,००० च्या खाली सुरू होणार नाही. समजा २,६६,००० ला विक्री झाली. मग देणे वळते करून ३२,००० रुपये उरतात. हे कोणाचे?

ते सूनबाईंचे आहेत. पेढीचे नव्हेत, आणि "दागिना गेला म्हणजे हिशेब मिटला" असेही नव्हे. लिलावाचे पूर्ण पैसे हाती आल्यापासून कामाच्या सात दिवसांत ही शिल्लक कर्जदाराला, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांना, परत केली पाहिजे. माझ्या नोकरीत मला सर्वांत वाईट वाटे ते येथे. ज्या घरातले दागिने गेले त्या घरातले कोणी लाजेने पुन्हा फिरकत नसे. त्या रस्त्यानेही जात नसत. शिल्लक खात्यावर पडून राही. आणि सोन्याचा भाव मधल्या काळात चढलेला असेल तर ही शिल्लक लहान नसते. भाव १२,००० झाला असता तर याच २८ ग्रॅमांची किंमत ३,३६,००० झाली असती, मग उरणारी रक्कम किती मोठी होते ते तुम्हीच काढा. म्हणून लिलावाचा हिशेब मागावा : केव्हा झाला, किती ग्रॅम धरले, कितीला गेले, खर्च काय लावला. ग्रॅमांचा आकडा आपल्याजवळच्या दाखल्याशी जुळवून पाहावा.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. भाव ८,००० पर्यंत पडला असता तर त्याच सोन्याची किंमत २,२४,०००. विक्री समजा २,०८,००० ला झाली. देणे २,३४,०००. तेव्हा दागिने जाऊनही २६,००० रुपये अंगावर राहतात, आणि करारानुसार ते वसूल करता येतात. "सोने त्यांच्याजवळ आहे ना, मग ते बघतील" असे म्हणणाऱ्यांनी ही बाजू विसरू नये.

हे जे रिझर्व्ह बँकेचे नियम मी सांगितले ते बँका, सहकारी बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या कर्ज देणाऱ्या कंपन्या यांना लागू आहेत. आपल्या गावातल्या पतसंस्था सहकार खात्याच्या देखरेखीखाली येतात, आणि सावकारी करणारा सराफ राज्याच्या २०१४ सालच्या सावकारी कायद्याखाली. त्याच्याजवळ परवाना हवा. परवाना विचारला तर त्याला राग येतो, येऊ द्यावा. आणि ज्याच्याकडे पावती मिळत नाही, नुसते वहीत नाव लिहून घेतात, तेथे वरचे काहीच मागता येत नाही, कारण कोणता दागिना किती वजनाचा होता याला पुरावाच नसतो.

कर्ज फिटल्यावर दागिने त्याच दिवशी, फार तर कामाच्या सात दिवसांत, परत मिळाले पाहिजेत. देणाऱ्याच्या चुकीने उशीर झाला तर त्याला दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. पाकीट आपल्यासमोर फोडून घ्यावे, आधी मोहोर शाबूत आहे का ते पाहावे, मग दाखल्यातले एकूण वजन आणि काट्यावरचे वजन जुळवावे. गर्दी असली, मागची मंडळी चुळबुळ करू लागली, तरी काट्यावरून हलू नये. ठुशीचे मणी आणि साजाची पाने मोजून घ्यावीत. सही त्यानंतर.

पत्ता बदलला तर लेखी कळवावे, आणि पावती कोठे ठेवली आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला ठाऊक असावे. मी असे पाकीट पाहिले आहे की जे ठेवणारी बाई वारली आणि मुलांना ते असल्याचे दोन वर्षे कळलेच नाही.

माझा वेळ संपत आल्याची खूण चिटणीसबाई करीत आहेत. ज्यांच्या पावत्या किंवा नोटिसा घरात आहेत त्यांनी बुधवारी दुपारी मंडळाच्या खोलीत त्या घेऊन याव्या. मी चार वाजेपर्यंत बसेन. जुन्या सराफाच्या पावत्याही आणा, आणि वाचायचा चष्मा विसरू नका, कारण अटी फार बारीक अक्षरांत छापलेल्या असतात.